उजळणी कधी करायची? लॉगला विचारा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणशक्तीच्या प्रयोगांत प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतोय तो, दोन्ही एकच होते. अर्थ नसलेल्या तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची यादी तो न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकायचा, मग मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायचा. दुसऱ्या खेपेला वेळेची जितकी बचत झाली, तितकं डोक्यात शिल्लक होतं असं तो धरायचा. वीसेक मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१.

हा उतार सहसा घातांकी घटीच्या सूत्राने दाखवतात:

R = e^(-t/S)

R म्हणजे लक्षात राहिलेला हिस्सा, t म्हणजे गेलेला वेळ आणि S म्हणजे आठवणीचा टिकाऊपणा. S जितका मोठा, तितका उतार सौम्य. पण गंमत अशी की, खुद्द एबिंगहाउसच्या आकड्यांना हे सूत्र नीट बसत नाही. वीस मिनिटांच्या ५८ टक्क्यांवरून S काढला तर तो सुमारे ३७ मिनिटं येतो, आणि त्या हिशोबाने दिवसभरात काहीच उरायला नको. प्रत्यक्षात एक तृतीयांश उरलं होतं. त्याने स्वतः वापरलेल्या सूत्रातही वेळेचा लॉग होता.

याचं एक पटण्यासारखं कारण असं, की यादीतली प्रत्येक गोष्ट सारखी पक्की नसते. एकेक गोष्ट घातांकी गतीने विसरली, तरी कच्च्या गोष्टी आधी गळतात, पक्क्या मागे राहतात आणि एकूण आलेखाची शेपटी लांबत जाते. म्हणून तासाभरातल्या विसरण्यावरून महिन्याचा अंदाज बांधू नये. ज्या अंतराची आखणी करायची, साधारण तेवढ्याच अंतराने मोजमाप घ्यावं. ही काळजी घेतली की साधं सूत्र चांगलं कामाला येतं.

समजा, एमपीएससीसाठी तुम्ही राज्यघटनेची २० कलमं पाठ केलीत: ३२४ म्हणजे निवडणूक आयोग, २८० म्हणजे वित्त आयोग, अशी. दोन दिवसांनी पुस्तक मिटून लिहून काढलंत आणि १६ बरोबर आली. म्हणजे R झाला 0.8. कॅल्क्युलेटरवर ln दाबून 0.8 चा लॉग काढा: -0.223. मग S = 2 / 0.223, म्हणजे सुमारे ९ दिवस. आता ८० टक्क्यांच्या खाली जायच्या आत पुढची उजळणी हवी असेल, तर सूत्र उलटं फिरवायचं:

t = S × ln(1/R)

चांगल्या उजळणीनंतर S वाढतो. तो दर वेळी दुप्पट होतो असं तूर्त धरू; हे गृहीतक आहे, निसर्गनियम नव्हे. मग अंतरं येतात २, ४, ८, १६, ३२ दिवस. म्हणजे उजळणी दुसऱ्या, सहाव्या, चौदाव्या, तिसाव्या आणि बासष्टाव्या दिवशी. परीक्षा १२० व्या दिवशी असेल तर तोवर S ९ × ३२, म्हणजे २८८ दिवसांवर पोचलेला असतो. मधल्या ५८ दिवसांत घसरण होऊनही सुमारे ८२ टक्के शिल्लक राहतं. पाच उजळण्यांत काम झालं. परीक्षा २४० दिवसांवर ढकलली, तर फक्त एक उजळणी वाढते, कारण उजळण्यांची संख्या दिवसांच्या नव्हे, दिवसांच्या लॉगच्या प्रमाणात वाढते. दर दोन दिवसांनी तेच पान उघडणाऱ्याला १२० दिवसांत साठेक वेळा बसावं लागेल.

मर्यादा ८० ऐवजी ९० टक्के ठेवली की प्रत्येक अंतर निम्म्याहून थोडं कमी होतं. कागदावर हे स्वस्त दिसतं, पण विसरायच्या फार आधी केलेल्या उजळणीने S तितका वाढत नाही, त्यामुळे दुप्पट होण्याचं गृहीतक इथे लवकर मोडतं.

ते मोडलंय हे कळतं कसं? सहाव्या दिवशी २० पैकी १६ च्या आसपास यायला हवीत. दहाच आली तर चार दिवसांत निम्मं गेलं, म्हणजे S आला 4 / 0.693, सुमारे ६ दिवस. अपेक्षा होती १८ ची. बहुतेक वेळा मधली उजळणी नुसती वाचून झालेली असते, न बघता आठवून नव्हे. अशा वेळी वेळापत्रक पुढे न रेटता S सहा धरायचा आणि सव्वाएक दिवसातच पुन्हा बसायचं.

उलट, २० पैकी २० आली तर सूत्रच हात वर करतं: 1 चा लॉग शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. चाचणी लवकर घेतली किंवा प्रश्न कमी पडले, इतकंच त्यातून कळतं. पुढचं अंतर वाढवून पुन्हा मोजायचं. आणि एखादं कलम दर खेपेला निसटत असेल, तर ते या ढिगातून बाजूला काढून त्याचा S वेगळा मोजायचा. एकोणीस पक्क्या कलमांच्या सरासरीत ते दिसत नाही.