परिणाम खरे, पण समज खरा ठरला का?

न्यूयॉर्क राज्यातल्या डॅनेमोरा तुरुंगात एक खुनी कैदी होता. रस्त्यानं स्वतःशीच पुटपुटत जाणारी माणसं दिसली की ती आपल्याला शिव्या देतायत असं त्याला वाटे, आणि त्याच समजुतीतून त्यानं काही जणांचे जीव घेतले होते. विल्यम आयझॅक थॉमस आणि डोरोथी स्वेन थॉमस यांनी अमेरिकेतल्या मुलांवरच्या 1928 च्या पुस्तकात हे उदाहरण दिलं आणि त्यालाच जोडून समाजशास्त्रातलं एक गाजलेलं वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा: माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली, की तिचे परिणाम खरे होतात. यामागच्या कल्पनेला ‘परिस्थितीची व्याख्या’ म्हणतात. माणूस वागतो तो समोर जे आहे त्यावरून नव्हे, तर समोर काय आहे असं त्याला वाटतं त्यावरून.

बारकावा असा की त्या माणसाचा समज शेवटपर्यंत खोटाच राहिला. पुटपुटणारे त्याला शिव्या देत नव्हते आणि त्याच्या कृत्यामुळे देऊही लागले नाहीत. खरे झाले ते फक्त परिणाम.

वीस वर्षांनी, 1948 मध्ये, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी थॉमस यांच्याच वाक्यावरून सुरुवात करून वेगळी गोष्ट मांडली. कधीकधी सुरुवातीला खोटा असलेला समज लोकांना असं वागायला लावतो, की त्या वागण्यानंच तो खरा होऊन बसतो. हे ‘स्वतःला खरं करणारं भाकीत’. या दोन कल्पना बोलताना सर्रास एकीच्या जागी दुसरी वापरल्या जातात. पण दुसरी ही पहिलीतला एक छोटा, विशेष प्रकार आहे. प्रत्येक समजाला परिणाम असतात; समज स्वतः खरा ठरणं मात्र क्वचित घडतं, आणि त्यासाठी एक अट लागते: ज्या गोष्टीबद्दल समज आहे, ती गोष्टच लोकांच्या वागण्यावर अवलंबून असायला हवी.

मर्टन यांचं उदाहरण बँकेचं होतं, आणि ते कल्पित होतं. ठणठणीत बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे एकदम पैसे काढायला धावतात आणि बँक बुडते. बँकेचे पैसे कर्जात गुंतलेले असतात, सगळे ठेवीदार एकाच दिवशी आले तर कोणतीच बँक पुरी पडत नाही. इथे अट पूर्ण होते. मात्र ‘बुडेल’ म्हटल्यानं बँक बुडतेच असं नाही. डिसेंबर 1973 मध्ये जपानच्या आइची प्रांतात टोयोकावा शिन्किन बँकेवर अशीच धाव पडली. आगगाडीत शाळकरी मुलींच्या थट्टामस्करीत बँक धोक्याची असल्याचा विषय निघाला, तो नातलगांत, मग दुकानांत पोचला आणि ठेवीदारांनी शंभर कोटींहून जास्त येन काढून घेतले. मध्यवर्ती बँकेनं रोकड पाठवली, नोटांच्या थप्प्या लोकांना दिसतील अशा रचल्या गेल्या आणि बँक तरली. रांगा खऱ्या, गेलेली रोकड खरी, म्हणजे थॉमस बरोबर. पण भाकीत फसलं, कारण मधेच कोणीतरी लोकांची व्याख्या बदलली.

आपल्याकडे नोव्हेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीनंतर दोन-तीन दिवसांतच, मीठ संपणार अशी अफवा पसरली. उत्तर भारतात काही ठिकाणी किलोला 200 रुपयांच्या पुढे भाव मागितले गेले. हे उदाहरण मला सगळ्यांत बोधक वाटतं, कारण त्या एका अफवेत दोन समज गुंतले होते. ‘कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ मिळणार नाही’ हा समज गिऱ्हाइकांनी चार-चार पुडे उचलून संध्याकाळपर्यंत खरा करून दाखवला. ‘देशात मीठ नाही’ हा मात्र खोटाच राहिला, कारण कच्छच्या मिठागरांत किती मीठ पिकतं ते गिऱ्हाइकाच्या पिशवीवर ठरत नाही. म्हणून अफवेबद्दल बोलताना आधी नेमकं विचारावं: समज कशाबद्दल होता?

वर्गात हीच गल्लत जास्त होते. गुरुजी विचारतात, ‘समजलं ना?’ मुलांच्या लेखी हा प्रश्न नसतो, तास संपत आल्याची खूण असते. ‘हो सर’ असा एकसुरात गजर होतो. वर्गाला अपूर्णांकांची बेरीज आली असं समजून गुरुजी गुणाकाराकडे वळतात. परिणाम खरा आहे: पुढचा धडा सुरू झाला. पण ‘वर्गाला समजलं’ हा समज त्यामुळे खरा झाला नाही, उलट कच्चं राहिलेलं अधिकच कच्चं झालं.

याच्या शेजारी रॉबर्ट रोझेन्थल आणि लिनोर जेकब्सन यांचा प्रयोग ठेवा. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि शिक्षिकांना सांगितलं, की अमुक मुलं यंदा झपाट्यानं पुढे येतील. ही सुमारे 20 टक्के नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस पहिलीतल्या त्या मुलांच्या बुद्ध्यांकात सरासरी 27 गुणांची वाढ दिसली, इतरांच्यात 12 ची. इथे समज मुलांच्या प्रगतीबद्दल होता आणि प्रगती शिक्षिकेच्या वागण्यावर काही अंशी तरी अवलंबून असते.

‘शिक्षकानं ठरवलं तर मूल हुशार होतं’ असं या प्रयोगाचं जे रूप भाषणांत ऐकू येतं, ते मात्र फुगवलेलं आहे. फरक मुख्यतः पहिली-दुसरीत होता. तिसरी ते सहावीत जवळपास नव्हताच. 1968 मध्ये या प्रयोगावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्यातल्या चाचणीच्या गुणांवर जोरदार आक्षेप घेतले गेले. पुढे 1984 मध्ये स्टीफन राउडनबुश यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. शिक्षकाला मुलांची ओळख होऊन दोन आठवडे उलटले असतील, तर बाहेरून आलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो असं त्यात दिसलं. दोन आठवड्यांत शिक्षकाची स्वतःची व्याख्या तयार झालेली असते.

आणखी एक खबरदारी. ‘हा नापास होणार’ असं बाई म्हणाल्या आणि तो झाला, एवढ्यावरून बाईंना दोष देता येत नाही. त्यांचा अंदाज मुळातच बरोबर असू शकतो. मर्टन यांच्या कल्पनेत समज आरंभी खोटा असावा लागतो, आणि तो खोटा होता हे दाखवणं अवघड असतं. म्हणूनच त्या प्रयोगात नावं चिठ्ठीनं निवडावी लागली.

कधी समज उलटाही फिरतो, आणि ते पाहायला लासलगाव पुरे. समजा, मे महिन्यात उन्हाळ कांद्याला क्विंटलला 1,500 रुपये मिळतायत आणि सप्टेंबरात 3,000 होतील असं सगळ्या पट्ट्यात बोललं जातंय. शेतकरी कांदा चाळीत भरतात. बाजार समितीत आवक घटते आणि मेमध्येच भाव थोडा चढतो, परिणाम खरा. पण सप्टेंबरात वजनातली घट, सड आणि मोड पाहून सगळेच ट्रॅक्टर एकदम काढतात आणि लिलावात भाव पडतो. भाव चढेल या समजानंच भाव पाडला. एकट्या-दुकट्यानं कांदा धरून ठेवला असता तर त्याचा अंदाज कदाचित बरोबर आला असता. सगळ्यांना तोच अंदाज पटला म्हणून तो चुकला. बँकेत आणि चाळीत दोन्हीकडे गर्दी एकाच समजामागे धावते. बँकेत प्रत्येक नव्या ठेवीदारागणिक भाकिताला बळ मिळतं, लासलगावात प्रत्येक नव्या ट्रॅक्टरबरोबर ते बळ कमी होतं.