धरण फुटल्याची ती क्लिप बातमीतली नव्हती

आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर कृष्णा 35 फुटांच्या पुढं सरकली की सांगलीतल्या ग्रुपांवर क्लिपा फिरायला लागतात. मागच्या पावसाळ्यात त्यातली एक आमच्या गल्लीतल्या काकूंनी मला पाठवली. कोट घातलेला अँकर, लाल पट्टी, कोपऱ्यात 'लाइव्ह', आणि धरणाची भिंत खचल्याची बातमी. पाठोपाठ फोन आलाच. "तू चॅनलला होतास ना रे? मग एवढं झालं तरी सांगितलं नाहीस?" ती क्लिप एका वेब मालिकेतली होती. चॅनल काल्पनिक, अँकर म्हणजे नट, आणि धरण लेखकाच्या डोक्यातलं.

मी बरीच वर्षं इथून स्ट्रिंगर म्हणून बातम्या दिल्या, त्यामुळं हे निस्तरणं माझ्याकडंच येतं. खरं बातमीपत्र कसं दिसतं ते तुम्ही रोज बघता, त्यावर वेळ घालवत नाही.

सोप्या खुणा आधी संपवतो. ओटीटीवरच्या मालिकेला सुरुवातीला 'यू/ए 16+' किंवा 'ए' असं वयाचं वर्गीकरण येतं. बातमीपत्राला ते नसतं. मालिकेत कॅमेरा अँकरच्या पाठीमागं जातो, कंट्रोल रूममध्ये शिरतो, प्रोड्यूसरच्या कपाळावरचा घाम दाखवतो. घरी बातम्या बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त शेवटी निवडलेलं चित्र येतं. आणि चॅनलचं नाव. 'द ब्रोकन न्यूज' बघून 'जोश 24/7' किती नंबरला लागतं असं केबलवाल्याला विचारू नका. ते चॅनल त्या मालिकेपुरतंच आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर काकूंचा फोन आलाच नसता. रील करणारा माणूस वर्गीकरण कापतो, कंट्रोल रूम कापतो आणि फक्त अँकरची पूर्ण चौकट ठेवतो. शिवाय मालिकावाले हुशार असतात, खोट्या चॅनलवर खरी घटना लावतात. लोक घसरतात ते इथंच. "पण ते झालं होतं ना?" हो, झालं होतं. घटना घडली म्हणून तिची ती बातमी खरी ठरत नाही.

एचबीओची 'द न्यूजरूम' घ्या. चॅनल एसीएन, काल्पनिक. पहिल्या भागातली घटना मात्र खरी: 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर झालेला स्फोट, ज्यात 11 कामगार गेले. मालिकेत न्यूजरूममधल्या एका पोराचा कॉलेजचा रूममेट त्या विहिरीच्या तेलकंपनीत, बीपीत निघतो आणि सख्खी बहीण विहिरीचं सिमेंट करणाऱ्या हॅलिबर्टनमध्ये. दोन फोन होतात आणि पहिल्याच बातमीपत्रात अँकर सांगून मोकळा होतो, की विहिरीच्या सिमेंटमध्ये घोळ आहे आणि तेलाची ही गळती प्रचंड मोठी ठरणार आहे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. स्फोट रात्री झाला. सुरुवातीची बातमी होती आग, बेपत्ता कामगार आणि शोधमोहीम. फलाट बुडाला 22 एप्रिलला. समुद्राच्या तळाशी तेल गळतंय हे जाहीर झालं 24 तारखेला, आणि तेव्हा आकडा सांगितला गेला दिवसाला 1,000 बॅरल. 28 तारखेला तो 5,000 झाला. पुढं सरकारी शास्त्रज्ञांनी हिशेब लावला तेव्हा सुरुवातीचा वेग दिवसाला 60,000 बॅरलच्या वर निघाला. तेल थांबलं 15 जुलैला, 87 दिवसांनी.

मालिकेतल्या अँकरला हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं, कारण त्याचे संवाद लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. तो भाग दाखवला गेला जून 2012 मध्ये. म्हणजे अँकरच्या खिशात दोन वर्षांनंतरचा पेपर होता. खऱ्या वार्ताहराकडं त्या रात्री तो नव्हता. मला त्या मालिकेचा राग येतो तो याच्यासाठी. बाकी काम चोख आहे, पण ती बघून लोक म्हणतात, "बघा, पत्रकार असा पाहिजे!" असा पाहिजे म्हणजे? ज्याला पेपर फुटलाय असा?

म्हणून क्लिप आली की चॅनलचा लोगो नंतर बघा, आधी ऐका. बोलणाऱ्याला किती माहीत आहे आणि ते त्याला कुणी सांगितलं? चालू घटनेच्या खऱ्या बातमीला भोकं असतात. 'प्राथमिक माहितीनुसार', 'अद्याप दुजोरा नाही', 'पाटबंधारे विभागानं सांगितल्याप्रमाणं' ही रटाळ वाक्यं त्या भोकांभोवतीचे काठ आहेत. मालिकेत ती पहिल्यांदा कापली जातात, कारण त्यांनी प्रसंग मंदावतो.

पुरात मी फोनो द्यायचो तेव्हाचं सांगतो. (फोनो म्हणजे वार्ताहर फोनवर आणि टीव्हीवर त्याचा फोटो.) माझ्याकडं असायचं एवढंच: पट्टीवर आत्ता किती फूट, सकाळपासून किती इंच वाढ, कोयनेतून किती क्युसेक विसर्ग, आणि 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. अँकर विचारायचा, "शहर बुडणार का?" माझं उत्तर ठरलेलं, की ते वरचा पाऊस आणि विसर्ग यावर आहे, आत्ता सांगता येत नाही. डेस्कवरून शिव्या पडायच्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, पण जाईल हे पहिल्या दिवशी मी छातीठोक सांगितलं असतं तर ती बातमी ठरली नसती, ज्योतिष ठरलं असतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली. मृतांचा पहिला आकडा आणि शेवटचा आकडा वेगळे होते. तेव्हाही काही जण म्हणाले, चॅनलवाले खोटारडे, आकडे बदलतात. मृतदेह सापडतील तसा आकडा वाढतो. पहिल्याच मिनिटाला अंतिम आकडा सांगणाऱ्यावर संशय घ्यायला हवा.

काकूंच्या क्लिपला हेच लावलं. वार्ताहर भिंतीसमोर उभा, आणि अँकरचा प्रश्न संपतो न संपतो तोच याचं उत्तर सुरू. खऱ्या लाइव्हमध्ये प्रश्न पोचायला वेळ लागतो, वार्ताहर कानात बोट घालून मान हलवत उभा राहतो. मग तो म्हणतो, "दोन तासांत चार गावं पाण्याखाली जातील." कुणी सांगितलं? नाव नाही, खातं नाही. धरण कुठलं, नदी कुठली, तालुका कुठला, तेही नाही. सांगलीत कुणी पाण्याची बातमी देईल आणि धरणाचं नाव घेणार नाही, हे शक्य आहे का? काकू जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी तर माहेरी फोन करून सामान माळ्यावर टाकायला लावलं."

ही चाचणी चालू घटनेच्या बातमीलाच लागते. घटनेनंतर महिन्यांनी केलेल्या खऱ्या माहितीपटाला शेवट माहीत असतोच, त्यात गैर काही नाही. आणि गुन्ह्यांच्या कार्यक्रमांत खरी चॅनलंसुद्धा नट उभे करतात. तिथं एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नाट्य रूपांतर' लिहिलेलं असतं. टीव्हीची आडवी चौकट मोबाइलसाठी उभी कापली की आधी तो कोपराच जातो.