पुसलेल्या ध्वनिमुद्रणांची पुनर्प्राप्ती (अँड्रॉइड फोन)

स्मार्टफोनमधून हटवलेली आवाजाची किंवा कॉलची रेकॉर्डिंग परत मिळवण्याच्या प्रक्रियेला ध्वनिमुद्रणांची पुनर्प्राप्ती म्हणतात. अँड्रॉइड फोनवर तिचे यश रिकव्हरी सॉफ्टवेअर किती महागडे आहे यावर क्वचितच ठरते. फाइल खरोखर पुसली गेली आहे, की केवळ नजरेआड झाली आहे, यावर ते ठरते. म्हणून शोधाची सुरुवात फाइल मुळात कुठे साठवली जात होती या प्रश्नापासून करावी.

अँड्रॉइड 12 पासून सामायिक साठवणीत, म्हणजे सर्व अ‍ॅपसाठी असलेल्या फोनच्या समाईक जागेत, Recordings नावाचे फोल्डर असते. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये त्याच्या आत Voice Recorder आणि Call अशी दोन उपफोल्डरे आढळतात, तर शाओमीच्या फोनमध्ये कॉलची रेकॉर्डिंग MIUI/sound_recorder/call_rec येथे ठेवण्याची पद्धत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी संदेश Android/media/com.whatsapp या मार्गावरील WhatsApp Voice Notes फोल्डरमध्ये .opus फाइलींच्या रूपात असतात. ज्या फोल्डरमध्ये .nomedia नावाची फाइल आहे, त्यातील ध्वनी म्युझिक प्लेअर दाखवत नाहीत; त्यामुळे शाबूत असलेली रेकॉर्डिंगही हरवल्यासारखी वाटते. याहून अवघड जागा म्हणजे अ‍ॅपची खासगी साठवण. गूगलचे फोन अ‍ॅप कॉलची रेकॉर्डिंग याच कप्प्यात ठेवते, म्हणून ती फाइल मॅनेजरला दिसत नाहीत आणि अ‍ॅपमधून शेअर करूनच बाहेर काढावी लागतात. अशा अ‍ॅपचा डेटा साफ केला किंवा ते अनइन्स्टॉल केले, तर कप्प्यासकट सगळे जाते. म्हणूनच शोध संपेपर्यंत संबंधित अ‍ॅप काढून टाकू नये.

हटवलेली फाइल सापडण्याची सर्वांत चांगली शक्यता ट्रॅशमध्ये असते. काही रेकॉर्डर अ‍ॅपना स्वतःचा ट्रॅश असतो आणि तो त्या अ‍ॅपमध्येच उघडतो. याशिवाय अँड्रॉइड 11 पासून खुद्द प्रणालीतही अशी सोय आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. या सोयीने फाइल ट्रॅशमध्ये टाकली की ती दुसरीकडे हलवली जात नाही. ती त्याच फोल्डरमध्ये राहते आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब, trashed हा शब्द व एक संख्या जोडली जाते. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या मानल्या जातात, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. फोनच्या डेव्हलपर पर्यायांतील यूएसबी डिबगिंग चालू करून फोन संगणकाला जोडल्यास, संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या adb या साधनाच्या पुढील आज्ञेने संपूर्ण सामायिक साठवण धुंडाळता येते.

```
adb shell find /sdcard/ -name ".trashed-*"
```

समजा, उत्तरादाखल Call फोल्डरमध्ये .trashed-1735689600-call.m4a असे नाव आले. त्यातील संख्या म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद, आणि त्यांचा अर्थ 1 जानेवारी 2025, यूटीसी वेळेनुसार मध्यरात्र, असा होतो. ही हटवल्याची वेळ नसून मुदत संपण्याची वेळ आहे. नेहमीची मुदत 30 दिवसांची असल्याने ही फाइल 2 डिसेंबर 2024 रोजी ट्रॅशमध्ये गेली असे म्हणता येते. आधी adb pull या आज्ञेने तिची प्रत संगणकावर घ्यावी, मग प्रतीच्या नावाच्या सुरुवातीला जोडलेला भाग काढून ती वाजवून पाहावी. नावात trashed ऐवजी pending असेल, तर ती अर्धवट राहिलेली फाइल असते. रेकॉर्डिंग चालू असताना अ‍ॅप बंद पडले असल्यास तीही तपासण्याजोगी असते. मात्र अ‍ॅपने ही सोय न वापरता फाइल थेट पुसली असेल, तर असे कोणतेही नाव मागे उरत नाही.

थेट पुसलेली फाइल फोनच्या अंतर्गत साठवणीतून परत मिळवणे आज जवळजवळ अशक्य आहे. अनेक नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल वेगळ्या किल्लीने कूटबद्ध असते. ती किल्ली तयार करण्यासाठी लागणारा एक घटक फाइलच्याच नोंदीत असतो, त्यामुळे नोंद गेली की चिपवर उरलेले बाइट वाचूनही आवाज मिळत नाही. शिवाय रिकाम्या झालेल्या जागा प्रणाली चिपला कळवते आणि चिप त्या पुसून टाकते. त्यामुळे फोनवरच चालणारे एखादे अ‍ॅप फोन रूट न करता, म्हणजे प्रणालीचे पूर्ण अधिकार न मिळवता, कोणतीही पुसलेली रेकॉर्डिंग परत आणून देण्याचे आश्वासन देत असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. अशी अ‍ॅप बहुधा लपलेल्या आणि ट्रॅशमधल्या फाइलीच दाखवतात.

काढता येणाऱ्या मेमरी कार्डाची गोष्ट निराळी आहे. ते सहसा कूटबद्ध नसते. कार्ड लगेच फोनमधून काढून त्याची प्रतिमा, म्हणजे रिकाम्या जागांसकट संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत, संगणकावर घेतली, तर फोटोरेकसारखे मुक्त सॉफ्टवेअर फाइलींच्या आरंभखुणा ओळखून त्या वेगळ्या काढते. मूळ नावे मात्र परत येत नाहीत. .m4a फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. फाइल कार्डावर तुकड्यांत विखुरली असेल, तर तो शेवट हाती लागत नाही आणि आवाजाचा बराचसा भाग मिळूनही प्लेअर फाइल उघडत नाही. जुन्या .amr फाइलीत 20 मिलिसेकंदांचा प्रत्येक तुकडा सुटा साठवलेला असतो, त्यामुळे तिचा जेवढा सलग भाग मिळेल तेवढा ऐकता येतो.