हरलेला दावा पुन्हा दाखल करता येतो का? प्राङ्न्यायाचा नियम, अपवाद आणि लागणारी कागदपत्रे

दिवाणी दावा फेटाळला गेला की पक्षकार बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: नवीन वकील लावून, नवीन मुद्दा घालून दावा परत टाकता येईल का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच असते, आणि त्याचे कारण दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 मध्ये आहे. कायद्याच्या मराठीत याला प्राङ्न्याय म्हणतात, कोर्टात सगळे रेस ज्युडिकाटा म्हणतात. ज्या मुद्द्यावर त्याच पक्षकारांमध्ये सक्षम न्यायालयाने सुनावणी घेऊन अंतिम निर्णय दिला आहे, तो मुद्दा दुसऱ्या दाव्यात पुन्हा चालवता येत नाही. निकाल चुकीचा वाटत असेल तर त्यासाठी अपील आहे, नवीन दावा नाही.

येथे ‘मुद्दा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कलम 11 फक्त संपूर्ण दाव्याला लागू होत नाही, त्यातल्या एकेका मुद्द्यालाही लागू होते. त्यामुळे दुसऱ्या दाव्यात मागणी वेगळी असली, तरी ज्या मुद्द्यावर ती उभी आहे तो आधीच ठरलेला असेल तर मागणी टिकत नाही.

एक प्रकरण उलगडून पाहू

समजा, वडिलांच्या नावावर 80 गुंठ्यांचा एक गट होता. वडील 2003 मध्ये वारले. 2011 मध्ये थोरल्या भावाने धाकट्यावर दावा लावला: 1998 मध्ये तोंडी वाटणी झाली, तीत पूर्वेकडचे 50 गुंठे मला आले, ते माझ्या मालकीचे आहेत असे जाहीर करा आणि धाकट्याला कायम मनाई करा. धाकट्याने कैफियत दिली की वाटणी झालेलीच नाही, जमीन दोघांची सामाईक आहे. न्यायालयाने मुद्दे काढले. वादीने तोंडी वाटणी शाबीत केली का? उत्तर, नाही. 50 गुंठ्यांवर वादीचा स्वतंत्र ताबा आहे का? उत्तर, नाही. 2016 मध्ये दावा खर्चासह फेटाळला. थोरल्याने अपील केले नाही.

2019 मध्ये तो नवीन दावा आणतो. आता तोंडी वाटणीचा उल्लेख नाही. वडिलांनी मृत्युपत्राने तेच 50 गुंठे मला दिले, असे म्हणणे आहे. मृत्युपत्रावर आधी निर्णय झालेला नाही, म्हणून दावा चालेल असे त्याला वाटते. पण कलम 11 चे स्पष्टीकरण 4 नेमके याच जागी अडवते. जी बाब पहिल्या दाव्यात मांडता आली असती आणि मांडायला हवी होती, ती मांडली नाही तरी मांडून फेटाळली गेली असे धरले जाते. त्याच जमिनीवरच्या मालकीचा आणखी एक आधार 2011 मध्येच हातात होता, तर तो त्याच दाव्यात पर्यायी म्हणून घालायला हवा होता. आधी एक बाजू लढवायची, हरलो तर दुसरी काढायची, हे करता येत नाही.

मृत्युपत्र खरोखरच 2018 मध्ये पेटीत सापडले असेल तर? मग ते 2011 मध्ये मांडता आले असते असे म्हणता येत नाही, हा युक्तिवाद उरतो. पण ते आधी माहीत नव्हते आणि योग्य शोध घेऊनही मिळाले नसते, हे पुराव्याने दाखवावे लागते. मृत्युपत्राच्या साक्षीदारांमध्ये थोरल्याचाच मेहुणा असेल, तर हे जवळपास अशक्य. आणि नवा कागद सापडला तरी तो जुन्याच मुद्द्याचा नवा पुरावा असेल, तर त्यासाठी नवीन दावा नव्हे, याच संहितेच्या ऑर्डर 47 खाली पुनर्विलोकनाचा अर्ज किंवा अपिलात ऑर्डर 41 रूल 27 खाली जादा पुरावा हा मार्ग आहे.

आता हाच थोरला भाऊ सरळ वाटणीचा दावा आणतो, की जमीन सामाईक आहे, माझा निम्मा म्हणजे 40 गुंठ्यांचा हिस्सा सरस-निरस मानाने वेगळा करून द्या. हा दावा सहसा अडत नाही. वाटणी झाली नाही हे तर पहिल्या निकालानेच ठरवले आहे, आणि जमीन सामाईक असेपर्यंत वाटणी मागण्याचा हक्क संपत नाही. म्हणजे जो निष्कर्ष त्याच्या विरोधात गेला, तोच येथे त्याच्या कामी येतो. सामाईकपणा नाकारायला आता धाकट्यालाही जागा राहिलेली नाही. हरलेल्या पक्षकाराने निकालपत्र मुद्द्यागणिक वाचावे ते यासाठी. शेवटची ‘दावा फेटाळण्यात येतो’ ही ओळ अर्धीच माहिती देते.

दावा कसा संपला, ते आधी शोधा

सुनावणी होऊन गुणदोषावर निर्णय झाला असेल तरच कलम 11 लागते. दावा इतर प्रकारे संपला असेल तर वेगळे नियम आहेत, आणि त्यातले काही तितकेच कडक आहेत.

तारखेला दोन्ही पक्ष गैरहजर राहिल्याने दावा काढून टाकला असेल, तर मुदतीत नवीन दावा लावता येतो किंवा तोच पुन्हा नंबरावर घेण्याचा अर्ज करता येतो. पण प्रतिवादी हजर होता आणि फक्त वादी गैरहजर, तर ऑर्डर 9 रूल 9 प्रमाणे त्याच कारणावर नवीन दावा बंद. 30 दिवसांत दावा पुनर्स्थापित करण्याचा अर्ज एवढाच रस्ता. या दोन स्थितींतला फरक रोजनाम्यातल्या एका ओळीवर ठरतो, म्हणून त्या दिवसाच्या रोजनाम्याची नक्कल घ्याच.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पुरसिसमुळे, म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनामुळे. दाव्यात काही उणीव लक्षात येते, पक्षकार ‘दावा चालवायचा नाही’ अशी पुरसिस देतो, दावा निकाली निघतो आणि दुरुस्त करून पुन्हा लावू म्हणून तो घरी जातो. नवीन दावा लावण्याची परवानगी न्यायालयाकडून घेतली नसेल, तर ऑर्डर 23 रूल 1(4) खाली त्याच विषयावर तो पुन्हा येऊ शकत नाही. अर्जातच उणीव कोणती ते लिहावे, उदाहरणार्थ सरकारविरुद्धच्या दाव्यात कलम 80 ची नोटीस राहून गेली, आणि परवानगी स्पष्ट शब्दांत मागावी. आदेशातही ती स्पष्ट हवी. अशी परवानगी मिळाली तरी मुदत वाढत नाही. पहिला दावा लावलाच नव्हता असे समजून ती मोजली जाते.

ऑर्डर 7 रूल 11 खाली दावापत्रच नामंजूर झाले असेल, उदाहरणार्थ कोर्ट फी कमी भरल्यामुळे, तर रूल 13 प्रमाणे नवीन दावापत्र देता येते. तात्पुरत्या मनाईचा अर्ज फेटाळला जाणे हा दाव्याचा अंतिम निर्णय नाही. आणि फेरफार नोंदीचे प्रकरण तहसीलदार किंवा प्रांतांकडे हरलात म्हणून मालकीचा दिवाणी दावा बंद होत नाही, कारण फेरफाराने मालकी ठरतच नाही.

खुद्द कलम 11 लाही थोडे अपवाद आहेत. पहिला निकाल फसवणूक करून मिळवला असेल, तर तो बंधनकारक नाही असे दाखवता येते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 38 मध्ये ही सोय आहे. मात्र साक्षीदार खोटे बोलला एवढे पुरत नाही. दुसरा अपवाद न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबद्दलच्या निव्वळ कायदेशीर प्रश्नाचा. बोरिवलीतल्या एका मोकळ्या जागेच्या भाडेपट्ट्यात, भाडे नियंत्रण कायदा अशा जागेला लागूच नाही म्हणून प्रमाणित भाडे ठरवण्याचा अर्ज फेटाळला गेला होता. पुढे दुसऱ्या प्रकरणात उच्च न्यायालयाने त्याच कलमाचा उलटा अर्थ लावला आणि भाडेकरू पुन्हा अर्ज घेऊन आला. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःच्या अधिकारक्षेत्राबद्दल न्यायालयाने काढलेला असा चुकीचा कायदेशीर निष्कर्ष पुढच्या अर्जाच्या आड येत नाही. वस्तुस्थितीवर ठरलेल्या मुद्द्याला हा आधार मिळत नाही.

कागदपत्रे आणि ती कशी मिळवायची

फक्त निकालपत्र पुरत नाही. पहिल्या दाव्यात वाद नेमका कशावर होता हे दावापत्र, कैफियत आणि काढलेले मुद्दे यांवरूनच दिसते. म्हणून या तिन्हींच्या, शिवाय निकालपत्र, हुकूमनामा आणि अपील झाले असल्यास त्याच्या निकालाच्या प्रमाणित नकला काढाव्यात. न्यायालयाच्या नक्कल विभागात दावा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख लिहून अर्ज द्यायचा. क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. फार जुनी प्रकरणे तेथे सापडतीलच असे नाही. जुन्या प्रकरणांतले बरेच कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, त्यामुळे वाद पुन्हा उभा राहील अशी शंका असेल तर आजच नकला काढून ठेवा.

नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळतात, तो याच तारखांवरून.

दुसरा दावा तुमच्यावर आला असेल तर

प्राङ्न्यायाचा बचाव कैफियतीतच घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर सोडून दिला असे मानले जाऊ शकते. कैफियत समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून 90 दिवसांपर्यंत वेळ देऊ शकते. तीत पहिल्या दाव्याचा क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख आणि कोणता मुद्दा कसा ठरला ते लिहावे, आणि वरच्या नकला जोडाव्यात. त्यानंतर यावर वेगळा मुद्दा काढून ऑर्डर 14 रूल 2 खाली तो आधी ठरवावा, असा अर्ज द्यावा.

अनेक जण कैफियतीऐवजी ऑर्डर 7 रूल 11 चा अर्ज टाकून मोकळे होतात आणि तेथेच अडकतात. त्या अर्जावर न्यायालय फक्त नवीन दावापत्र पाहते, प्रतिवादीचे कागद नाही. प्राङ्न्याय ठरवायला जुन्या दाव्याचे कागद तपासावे लागतात, म्हणून तो मुद्दा सहसा या अर्जावर ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बेळगावच्या एका मिळकतीच्या प्रकरणात सांगितले आहे.

तुम्ही हरला असाल तर

तालुका न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात, उच्च न्यायालयात जायचे असेल तर 90 दिवस. मुदत गेली असेल तर मुदत अधिनियमाच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत द्यावा आणि उशिराचे कारण तारखांसह, शक्य तेथे कागदासह लिहावे. वरच्या प्रकरणातल्या थोरल्या भावाने 2016 मध्येच हे केले असते, तर तोंडी वाटणीच्या मुद्द्यावर पुरावा पुन्हा तपासला गेला असता. 2019 पर्यंत तो निष्कर्ष अंतिम झाला होता. आणि दुसरा दावा कलम 11 मधून सुटला तरी मुदतीचा प्रश्न उरतो: मालकी जाहीर करून मागण्याची मुदत, दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा उद्भवल्यापासून 3 वर्षांची आहे, आणि 2011 च्या दावापत्रात ती तारीख थोरल्याने स्वतःच लिहून दिलेली असते.