शासकीय रुग्णालयातील औषध खरेदीची निविदा

शासकीय रुग्णालयाला लागणारी औषधे स्पर्धात्मक दराने घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण रुग्णालयांची मागणी एकत्र करून mahatenders.gov.in वर निविदा काढते. तातडीची थोडी खरेदी रुग्णालय स्थानिक पातळीवर करते.

निविदा दोन लिफाफ्यांची असते. तांत्रिक लिफाफ्यात बयाणा रक्कम, उत्पादन परवाना, उत्तम उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र, उलाढाल आणि काळ्या यादीत नसल्याचे हमीपत्र तपासतात. इथे जो बाद होतो त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. त्यामुळे ‘सर्वांत कमी दर’ म्हणजे पात्र ठरलेल्यांतला कमी दर. ही अट सैल केली की नंतरच्या चाचण्यांवर सगळा भार पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या 10 लाख गोळ्या हव्या आहेत. तिघांपैकी एकाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, तो बाहेर. उरलेल्यांचे दर करासह आणि रुग्णालयापर्यंतच्या वाहतुकीसह गोळीमागे 44 आणि 47 पैसे. पहिल्याला 4 लाख 40 हजारांचा पुरवठा आदेश जातो. 30 हजार वाचतात. दर कच्च्या मालाच्या खर्चाहूनही खाली दिसला, तर आदेशापूर्वी खर्चाचा तपशील मागवायला हवा. इतक्या स्वस्तात माल देणारा पुढे पुरवठा थांबवतो किंवा गोळीत काटछाट करतो.

माल आल्यावर भांडारात प्रत्येक बॅचचे उत्पादन आणि मुदतीचे महिने पाहतात. मुदतीचा एकषष्ठांशाहून जास्त काळ उलटलेला नसावा, अशी अट बऱ्याच निविदांत असते. दोन वर्षांच्या मुदतीचे औषध म्हणजे चार महिन्यांच्या आतले. मग नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात. भारतीय औषधसंहितेनुसार या गोळीत 475 ते 525 मिलिग्रॅम औषध भरले पाहिजे. पण तेवढे पुरत नाही. औषध पुरेपूर असूनही गोळी वेळेत विरघळली नाही तर रुग्णाचा ताप उतरत नाही, म्हणून विद्राव्यतेची चाचणीही घेतात. बॅच अप्रमाणित ठरली की ती परत जाते, बिल अडते आणि पुरवठादार काळ्या यादीत जाऊ शकतो.

खरी अडचण वेळेची आहे. अहवाल येईपर्यंत गोळ्या वाटून झाल्या, तर तपासणीचा रुग्णाला काहीच उपयोग नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे उघड झाले, तेव्हा हेच घडले होते: नमुना 2023 च्या सुरुवातीला घेतला आणि अहवाल वर्षअखेरीस आला. म्हणून अहवाल हाती येईपर्यंत बॅच वेगळ्या रॅकवर ठेवावी. वाटपापूर्वी औषध निर्माण अधिकाऱ्याने पट्टीवरचा बॅच क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. नमुन्याची बॅच एक आणि खोक्यातली दुसरीच असेल, तर ते याच ठिकाणी कळते.