६.२५ चा गुणक: गव्हापाशी हिशेब चुकतो

“प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, मग नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलं की कुठल्याही पदार्थातलं प्रथिन अचूक कळतं ना?”

नाही. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५, इतकं बरोबर. पण १६ टक्के ही ढोबळ सरासरी आहे.

गहू घ्या. त्यातलं मुख्य प्रथिन ग्लुटेन; ग्लुटेनमधल्या अमिनो आम्लांपैकी साधारण एक तृतीयांश एकटं ग्लुटामिन असतं, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू. त्यामुळे गव्हाच्या प्रथिनात नायट्रोजन साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो आणि गुणक ५.७ वर उतरतो. समजा, केल्डाल पद्धतीने १०० ग्रॅम मैद्यात २ ग्रॅम नायट्रोजन सापडला. ६.२५ ने प्रथिन १२.५ ग्रॅम येतं, ५.७ ने ११.४. मैदा तोच, फरक चांगला १.१ ग्रॅमचा! दुधात उलटं होतं: तिथे गुणक ६.३८, म्हणजे ६.२५ वापरलं तर प्रथिन किंचित कमी दिसतं.

दुसरी गफलत अधिक खोल आहे. केल्डालमध्ये नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळून नायट्रोजनचा अमोनिया करतात आणि तो मोजतात. तो प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे कळत नाही. अळिंबीच्या पेशीभित्तिकेतल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, म्हणून तिच्यासाठी बरेचदा ४.३८ वापरतात. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामिन हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं, ते याच आंधळेपणाचा फायदा घेऊन. मेलामिनचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो.

नेमका आकडा हवा असेल तर अमिनो आम्लं वेगळी मोजून त्यांची बेरीज करावी लागते. ते महाग पडतं, म्हणून ६.२५ टिकून आहे.