सॉलिड केबल आणि पॅच कॉर्ड: भिंतीला कोणती, टेबलापाशी कोणती

भाड्याच्या घरात राउटर दिवाणखान्यात आणि कामाचे टेबल मागच्या खोलीत, अशी मांडणी असली की इथरनेटची केबल भिंतीच्या कडेने न्यावी लागते. दुकानात त्यासाठी दोन प्रकारचा माल समोर येतो. एक म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली तयार पॅच कॉर्ड, आणि दुसरी म्हणजे मोठ्या खोक्यातून मीटरवर कापून मिळणारी केबल. दोन्हींवर ‘कॅट ६’ असेच छापलेले असते, दोन्हींत तारांच्या चार जोड्या असतात, आणि बाहेरून पाहिले तर एक थोडी मऊ व दुसरी थोडी ताठ, एवढाच फरक जाणवतो. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या कामांसाठी घडवलेल्या आहेत आणि त्यांची अदलाबदल केल्यास त्रास बहुधा काही महिन्यांनी, कनेक्टरपाशी सुरू होतो.

फरक तारेच्या आत आहे. खोक्यातल्या केबलमधील आठही तारा एकसंध तांब्याच्या असतात, म्हणून तिला सॉलिड म्हणतात. कॅट ६ मध्ये ही तार साधारण २३ गेजची, म्हणजे सुमारे ०.५७ मिलिमीटर जाडीची असते. पॅच कॉर्डमधील प्रत्येक तार मात्र सहसा सात बारीक धाग्यांचा पीळ घालून बनवलेली असते. एकसंध तारेला दिलेला आकार ती धरून ठेवते, परंतु तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली तर ती आतून तुटते. धाग्यांची तार रोजची ओढाताण, लॅपटॉप इकडून तिकडे हलवणे, केबल गुंडाळून ठेवणे हे सगळे सहन करते, पण सरळ रेषेत स्वतःहून राहत नाही. अंतरामुळे सिग्नल क्षीण होण्याचे प्रमाण पॅच कॉर्डमध्ये अधिक असते हे खरे आहे. कार्यालयांच्या वायरिंगमध्ये ९० मीटरपर्यंत सॉलिड आणि दोन्ही टोकांना मिळून १० मीटर पॅच कॉर्ड असा जो १०० मीटरचा हिशेब धरला जातो, तो यामुळेच. मात्र घरात एकूण अंतर वीस-पंचवीस मीटरच्या वर क्वचितच जाते, त्यामुळे निवासी सदनिकेत हा मुद्दा निर्णायक नाही. निर्णायक ठरतो तो भिंतीवरचा सॉकेट.

सॉकेटच्या जॅकमध्ये प्रत्येक तार धातूच्या एका अरुंद खाचेत दाबून बसवायची असते. खाचेच्या दोन्ही कडा तारेवरचे प्लास्टिक कापून आतल्या तांब्याला घट्ट चिकटतात, आणि हा दाब एकसंध, कडक तारेवरच टिकून राहतो. धाग्यांची तार त्याच खाचेत दाबली तर धागे चपटे होऊन बाजूला सरकतात, दाब हळूहळू उतरतो, आणि बसवताना उत्तम चाललेला जोड नंतर अधूनमधून तुटू लागतो. उलट बाजूनेही हेच घडते. सॉलिड केबलच्या टोकाला थेट कनेक्टर बसवून ती लॅपटॉपला लावली, तर प्रत्येक हालचालीचा ताण कनेक्टरच्या मुळाशी येतो आणि तार तिथेच तुटते. त्यातच कनेक्टरही दोन प्रकारचे असतात. धाग्यांच्या तारेसाठीच्या कनेक्टरचे पाते धाग्यांमध्ये घुसते, तर सॉलिडसाठीचे पाते तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. कनेक्टर घेताना दुकानदाराला केबलचा प्रकार सांगावा.

म्हणून माझे मत असे आहे की जी केबल भिंतीला चिकटून राहणार ती सॉलिड असावी, तिची दोन्ही टोके सॉकेटमध्ये संपावीत, आणि सॉकेटपासून उपकरणापर्यंत एक-दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड असावी. अंतर एकाच खोलीपुरते असेल, वाटेत दार नसेल आणि सॉकेट बसवायचाच नसेल, तर मात्र दहा मीटरची चांगली पॅच कॉर्ड केसिंगमधून नेण्यात काहीही गैर नाही.

प्रत्यक्ष हिशेबासाठी दोन बेडरूमचा नेहमीचा फ्लॅट घेऊ. राउटर मुख्य दारालगत आहे. तिथून हॉलची भिंत ४.५ मीटर, पॅसेज ३ मीटर, बेडरूमच्या दाराची चौकट ओलांडण्यासाठी वर २.१, आडवे ०.९ आणि खाली २.१ मीटर, आणि पुढे टेबलापर्यंत ३.५ मीटर. ही बेरीज १६.१ मीटर होते. दोन्ही टोकांना हाताळणीसाठी आणि पुढे एकदा-दोनदा टोक कापून पुन्हा बसवता यावे यासाठी थोडी जास्त केबल हवी, म्हणून १८ मीटर कापून घ्यावी. दार बंद असताना त्याखाली पुरेशी फट राहत असेल तर चौकटीचा फेरा वाचतो, पण तिथे केबल पायाखाली येते आणि दाराच्या कडेने घासली जाते. त्यामुळे मी चौकटीवरून नेणेच पसंत करीन.

या अंतरासाठी कॅट ६ पुरेशी आहे. एक गिगाबिटचा वेग कॅट ५ई सुद्धा देते. कॅट ६ वर दहा गिगाबिटही सुमारे ५५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे सोळा मीटरला भरपूर वाव उरतो. कॅट ६ए जाड आणि ताठ असते, लहान केसिंगच्या कोपऱ्यात ती बसवताना झटापट होते आणि घरात त्याचा मोबदला मिळत नाही. चपट्या, कागदासारख्या पातळ केबलवर कॅट ७ किंवा कॅट ८ छापलेले दिसते, परंतु आतल्या तारा फार बारीक असल्याने त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आकड्यापेक्षा धातू तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशी तार ठिसूळ असते, तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि सॉकेटच्या खाचेत ती लवकर दगा देते. चुंबकाने ही लबाडी कळत नाही, कारण तांबे आणि ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. एका तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरट चकाकी दिसली तर केबल परत करावी. शुद्ध तांबे खरवडल्यावरही आतून तांबूसच दिसते.

आता मार्ग. आपल्याकडच्या घरांत स्कर्टिंग बहुतेक फरशीच्याच टाइलचे, तीन-चार इंच उंच असते, आणि भाडेकरूच्या दृष्टीने ती फार सोयीची गोष्ट आहे. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप लावला तर एकतर तो भुकटीमुळे सुटतो, नाहीतर काढताना रंगाचे पोपडे घेऊन येतो आणि मग अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले जातात. गुळगुळीत टाइलवर तोच टेप घट्ट बसतो आणि मागे डागही ठेवत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २० मिलिमीटरची पीव्हीसी केसिंग-कॅपिंग यासाठी योग्य आहे. टाइल आधी साबणाच्या पाण्याने व नंतर स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी, आणि केसिंग टाइलच्या वरच्या कडेला लावावी. खाली फरशीला टेकवून लावली तर रोज फरशी पुसताना पाणी आत शिरते आणि टेपही सुटतो. चौकटीला ऑइल पेंट असेल तर तिथेही टेप चांगला धरतो.

कोपऱ्यात खरी कसोटी लागते. केसिंगचे दोन तुकडे ४५ अंशांत कापून जुळवले की बाहेरून कोपरा नेटका दिसतो, पण आतली केबल काटकोनात मोडली तर चार जोड्यांचा पीळ तिथे बिघडतो. साधारण नियम असा की वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी असावी. कॅट ६ सुमारे ६ मिलिमीटर जाड असल्याने ही त्रिज्या २५ मिलिमीटर होते. त्यासाठी कोपऱ्यावर केसिंगची आतली भिंत थोडी छाटून केबलला गोलाईने वळू द्यावे आणि वरून तयार मिळणारा कोपऱ्याचा तुकडा बसवावा. विजेच्या तारांच्या केसिंगमध्ये किंवा पाइपमध्ये इथरनेट केबल कधीही घालू नये. शेजारून न्यावी लागली तर निदान दोन इंच अंतर सोडावे आणि ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी.

सॉकेटसाठी भिंत फोडण्याची गरज नसते. एका जॅकचा लहान सरफेस बॉक्स स्कर्टिंगच्या टाइलवर फोम टेपने चिकटवता येतो. केबलचे बाहेरचे आवरण चार-पाच सेंटिमीटर सोलावे, जोड्यांच्या मधली प्लास्टिकची पट्टी मुळाशी कापावी, आणि जॅकवर छापलेल्या रंगांनुसार तारा खाचांत ठेवाव्यात. जॅकवर ए आणि बी अशा दोन मांडण्या असतात. दोन्ही टोकांना एकच हवी, आणि सहसा बी वापरतात. जोडीचा पीळ खाचेपर्यंत तसाच राहू द्यावा. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. मग पंचिंग टूलची कापणारी कड बाहेरच्या बाजूला धरून प्रत्येक तार एका ठोक्यात बसवावी. स्क्रू ड्रायव्हरने दाबून बसवलेली तार वरवर बसल्यासारखी दिसते, पण खाचेच्या कडा त्याने पसरतात.

काम झाल्यावर नेट चालू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही आज्ञा द्यावी:

```
Get-NetAdapter
```

`LinkSpeed` या रकान्यात `1 Gbps` दिसायला हवे. तिथे `100 Mbps` दिसले तर बहुतेक वेळा एखादी तार नीट बसलेली नसते. १०० मेगाबिटला केवळ नारिंगी आणि हिरवी या दोन जोड्या लागतात, तर गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी सुटली तरी जोडणी बंद न पडता खालच्या वेगावर चालत राहते, आणि कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी पॅच कॉर्ड बदलून पाहावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. तरीही वेग तोच राहिला तर दोन्ही जॅक उघडून निळ्या व तपकिरी तारा पुन्हा पंच कराव्यात, आणि खाच सैल झाली असेल तर केबलचे टोक कापून नवा जॅक लावावा.

घर सोडताना केसिंगवर हेअर ड्रायरची गरम हवा मारून टेप मऊ करावा आणि मासेमारीचा नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा ओढावा; चिकटपणा राहिलाच तर तो स्पिरिटने निघतो. सॉलिड केबल हातभर रुंदीच्या सैल वेटोळ्यात गुंडाळावी, जुन्या कोपऱ्यांच्या खुणा सरळ करण्याच्या नादात ती मागेपुढे वाकवू नये. नव्या घरात दोन्ही टोके दोन-तीन सेंटिमीटर कापून नव्याने पंच केली की तीच केबल पुन्हा वापरता येते.